सोयाबीनचा पंचनामा आणि शिकागोची बॅग

डिसेंबर २०२४ मध्ये, कापसाची दुसरी वेचणी चालू असताना, हिंगणघाटजवळच्या एका गावातून मला फोन आला. फोन करणाऱ्या मावशी त्रेसष्ट वर्षांच्या. लेक शिकागोला, तिचं पहिलं बाळंतपण फेब्रुवारीत, आणि मावशी चौदा जानेवारीला निघणार होत्या. तोवर त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास पंढरपूरपर्यंतचा. लेकीने तिकडून ऑनलाइन प्रवास विमा काढला होता आणि त्याची पीडीएफ भाच्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवली होती. भाचा शिकलेला आहे, पण तोही चौथ्या पानावर अडकला.

मावशींचं म्हणणं सरळ होतं. "भाऊ, ह्या कागदात काय लिहेल हाय थे मले माह्या भाषेत सांगा. पोरगी म्हन्ते सगळं कव्हर हाय. सगळं म्हन्जे काय?"

मी विम्याचं काम करतो, म्हणून मला बोलावलं. त्या पॉलिसीतून मला काही मिळणार नव्हतं. पण "सगळं कव्हर आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि त्या वाक्यावर विसंबून परक्या देशात हैराण झालेली माणसं इतकी पाहिली आहेत, की दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. त्या दिवशी मी काय समजावलं, पुढे खरंच काय घडलं आणि माझ्याकडून काय सांगायचं राहून गेलं, ते सगळं इथे लिहितो. मावशींचं आणि गावाचं नाव देत नाही.

पॉलिसीचं पहिलं पान वाचतानाच मी थांबलो. आधीपासून काही आजार आहे का, या प्रश्नापुढे "नाही" होतं. मावशींना मी विचारलं, रोज काही गोळी घेता का? त्यांनी फळीवरून डबा काढला. रक्तदाबाची गोळी, सकाळी एक, सहा वर्षांपासून. लेकीला हे ठाऊक होतं. पण तिच्या मते आईची तब्येत ठणठणीत होती आणि एका गोळीला आजार म्हणायचं तिच्या मनातही आलं नाही. घरोघरी असंच होतं. आपल्याकडे बीपी आणि शुगर म्हणजे वय झाल्याची खूण समजली जाते. विमा कंपनीच्या लेखी मात्र तो आधीपासूनचा आजार असतो. तो लपवला तर पुढे कुठल्याही मोठ्या बिलाच्या वेळी कंपनी आधी जुनी कागदपत्रं मागते, आणि खोटी माहिती दिली म्हणून दावा नाकारायला तिच्या हातात कारण असतं.

दुसरी गोष्ट बाराव्या पानावर होती. एक लाख डॉलरचं संरक्षण, असं पहिल्या पानावर ठळक अक्षरात होतं. पण साठ वर्षांवरच्या प्रवाशासाठी आत वेगळा तक्ता होता. इमर्जन्सी कक्षाचा खर्च एका घटनेला जास्तीत जास्त १,५०० डॉलर, डॉक्टरच्या फीची मर्यादा निराळी, तपासण्यांची निराळी. म्हणजे लाख डॉलरची कोठी होती खरी, पण धान्य काढायला माप दिलं होतं वाटीचं. अमेरिकेतल्या इमर्जन्सी कक्षात पाय ठेवला की १,५०० डॉलर पुरतील याचा भरवसा कुणी देऊ शकत नाही.

लेकीला रात्री फोन लावला, कारण तेव्हा तिकडे सकाळ असते. तिला दोन्ही पानं दाखवली. प्रवास सुरू व्हायला महिनाभर बाकी होता, म्हणून थोडा आकार कापून कंपनीने जुनी पॉलिसी रद्द केली. नवीन काढली ती रक्तदाबाची नोंद करून, आणि वयाच्या पोटमर्यादा नसलेली. हप्ता जवळपास दीडपट झाला. हे सगळं भारत सोडायच्या आत करावं लागतं. माणूस तिकडे पोचल्यावर इथल्या कंपनीची नवी पॉलिसी सहसा मिळत नाही. फार तर आहे तिचीच मुदत वाढवून मिळते, तीही आधी दावा झालेला नसेल तर.

आता समजावण्याचा भाग. मी कागद बाजूला ठेवला आणि मावशींना पीक विम्याचं विचारलं. २०२२ च्या पावसाळ्यात वणा नदीला पूर आला तेव्हा त्यांच्या तीन एकर सोयाबीनमध्ये पाणी साचलं होतं. "मंग काय झालं?" "काय होन? बहात्तर तासाच्या आत कळवा लागते म्हने. आमाले पाचव्या दिवशी समजलं. शेजाऱ्यानं फोन केला होता, त्याच्या वावरात पंचनामा झाला, त्याले पैसे आले. आमचं बी तेवढंच गेलं होतं, पन आमाले एक रुपाया नाई."

मला जे सांगायचं होतं ते एवढ्यात आलं होतं. दोघांचं नुकसान सारखं आणि विमाही सारखा. तरी पैसे त्याला मिळाले ज्याने वेळेत कळवलं आणि ज्याचा पंचनामा झाला. मी म्हटलं, मावशी, प्रवासाच्या विम्यात असे तीन पंचनामे आहेत. दवाखान्याचा, उशिराचा आणि बॅगेचा. प्रत्येकाला कळवायची जागा वेगळी आणि मुदतही वेगळी.

दवाखान्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. कारण बॅग गेली तर काही हजारांचं नुकसान, तिकडचा दवाखाना मात्र एकर विकायला लावू शकतो. पॉलिसीवर एक फोन नंबर असतो, तो विमा कंपनीच्या मदत केंद्राचा. अमेरिकेतून तो फुकट लागतो आणि रात्री-बेरात्री कुणीतरी उचलतं. दवाखान्यात जायच्या आधी तिथे फोन करायचा. जीवावरचं असेल तर आधी दवाखाना गाठायचा, पण २४ तासांच्या आत कळवायचंच. ते एक केस नंबर देतात. तो नंबर म्हणजे आपला पंचनामा सुरू झाल्याची पावती. मग ते दवाखान्याला लिहून देतात की बिल आम्ही भरू, आणि कुठल्या दवाखान्यात जावं हेही सांगतात. हा सल्ला फार मोलाचा असतो. तिकडे दोन प्रकार आहेत. एक मोठ्या रुग्णालयाचा इमर्जन्सी कक्ष, दुसरं अर्जंट केअर नावाचं लहान केंद्र. ताप, मुरगळलेला पाय, टाके, साधा एक्स-रे हे अर्जंट केअरमध्ये होतं आणि त्याचं बिल इमर्जन्सीच्या मानाने फारच कमी असतं. पण ही केंद्रं बहुतेक रात्री बंद असतात.

मावशींनी मध्येच विचारलं, "अन् पैसे नसन तर दवाखान्यात घेतच नाईत का थे?" घेतात. अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे. इमर्जन्सी कक्षात आलेल्या माणसाला आधी तपासायचं आणि जीव धोक्याबाहेर आणायचा, पैसे आहेत की नाही हे नंतर. म्हणजे दारातून परत पाठवत नाहीत. पण बिल मात्र घरी येतंच.

मग कटती. पॉलिसीत लिहिलं होतं की दवाखान्याच्या प्रत्येक घटनेतले पहिले १०० डॉलर प्रवाशाने भरायचे. याला विम्याच्या भाषेत वजावट म्हणतात. कापूस विकताना कटती कशी होते ते मावशींना मी काय सांगणार! त्या लगेच म्हणाल्या, "म्हन्जे शंभर डालर कटती. एका गाडीले एकदाच ना? का दर गाठोड्याले?" प्रश्न ऐकून मला बरं वाटलं, कारण हा प्रश्न शिकलेली माणसंही विचारत नाहीत. एका घटनेला एकदाच, मग तिची बिलं पाच येवोत की सात. हे पुढे फार कामी आलं.

रक्तदाबाचं काय, हेही स्पष्ट सांगितलं. नोंद केली म्हणून रक्तदाबाचा सगळा खर्च मिळत नाही. रोजची गोळी, नेहमीची तपासणी, डॉक्टरला नुसतं दाखवून येणं, यातलं काही नाही. रक्तदाबामुळे जीवावर बेतलं तर या पॉलिसीत १०,००० डॉलरपर्यंत मदत होती, तीही प्रकृती स्थिरावेपर्यंतच. म्हणून चार महिन्यांच्या गोळ्या इथूनच न्यायच्या, डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी सोबत, आणि दोन्ही हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत नाही.

विमानाच्या उशिराचं मी पाच मिनिटांत उरकलं. त्यात पैसे थोडे असतात आणि लोकांची अपेक्षा मोठी. या पॉलिसीत पहिले सहा तास कोरडे होते. ती वेळेची कटती. त्यानंतरच्या प्रत्येक पूर्ण सहा तासांना २० डॉलर. तेही परदेशी जाणाऱ्या विमानाचा उशीर असेल तर. नागपूर ते दिल्लीचा उशीर यात मोजला जात नव्हता, कारण पॉलिसीचं संरक्षण भारतातल्या इमिग्रेशनचा शिक्का बसल्यावरच सुरू होणार होतं. म्हणून भाच्याला बजावलं की जानेवारीत दिल्लीत धुकं असतं, नागपूरचं विमान अशा वेळेचं घ्या की मध्ये आठ-दहा तास हातात राहतील. दिल्लीपर्यंतचं तिकीट वेगळं काढायचं होतं. ते विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं असतं तर ना विमान कंपनी जबाबदार, ना हा विमा. पंचनामा कुठला? विमान कंपनीचं पत्र किंवा ईमेल, ज्यात किती तास उशीर झाला आणि कशामुळे ते लिहिलेलं असेल. बोर्डिंग पासही जपून ठेवायचा. आपण फेकतो तो चिटोरा दाव्याला लागतो.

मग बॅग. ओसरीच्या कोपऱ्यात दोन नव्या बॅगा उघड्या होत्या. डिंकाचे लाडू, अळीव, तिखट, मूगवड्या, सरगुंडे, दोन गोधड्या मावशींनी स्वतः शिवलेल्या, साड्या, शाल. मी सांगितलं की बॅग उशिरा आली तर वेगळा नियम आणि हरवली तर वेगळा. विमान उतरल्यापासून बारा तासांत बॅग आली नाही तर १०० डॉलरपर्यंत अडचणीच्या वस्तूंचा खर्च मिळतो, म्हणजे अंगावरचे कपडे, दात घासायचा ब्रश, चप्पल, औषध. बिल हवं, आणि खरेदी बॅग घरी पोचायच्या आधीची हवी. परतीच्या प्रवासात हे मिळत नाही, कारण घरी दुसरे कपडे असतातच. हरवली तर एकूण ५०० डॉलर, पण एका बॅगेला निम्मेच, आणि बॅगेतल्या एका वस्तूला जास्तीत जास्त ५० डॉलर. खाण्याच्या वस्तूंना काही नाही. रोकड आणि दागिने यांनाही काही नाही.

"दागिने हातात ठेवा," मी म्हटलं. मावशींनी हातातल्या पाटल्यांकडे पाहून मान हलवली.

बॅगेचा पंचनामा विमानतळाच्या आतच करावा लागतो, बाहेर पडल्यावर नाही. पट्ट्यावर बॅग आली नाही की शेजारीच बॅगेच्या तक्रारीचा काउंटर असतो. तिथे एक फॉर्म भरतात, त्याला पीआयआर म्हणतात. त्याची प्रत आणि त्यावरचा क्रमांक घेतल्याशिवाय हलायचं नाही. खरी अडचण अशी की अमेरिकेत बॅगा घ्यायच्या त्या कस्टमच्या आत. जावई तिथपर्यंत येऊ शकत नाहीत. मावशींना इंग्रजी येत नाही. त्यांच्यासाठी व्हीलचेअरची मदत आधीच मागितलेली होती. पाय चांगले असले तरी भाषेसाठी अनेक आया तशी मागतात, आणि त्यात काही गैर नाही. मी एका जाड कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: माझी बॅग आलेली नाही, कृपया पीआयआरची प्रत द्या, बाहेर माझे जावई उभे आहेत, त्यांचा फोन नंबर हा. खाली मदत केंद्राचा नंबर आणि पॉलिसी क्रमांक. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवली. भाच्याला म्हटलं, बॅगा बंद करायच्या आधी उघड्या बॅगेचे फोटो काढ आणि बिलं असतील त्यांचेही.

चौदा जानेवारीला संक्रांत होती. मावशी तीळगूळ वाटूनच निघाल्या. नागपूरचं विमान तीन तास उशिरा सुटलं, पण हातात वेळ ठेवला होता म्हणून निभावलं. दिल्लीत मात्र धुक्याने परदेशी विमान चौदा तास अडकलं. युरोपातलं पुढचं विमान अर्थातच चुकलं. ते दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर होते, म्हणून विमान कंपनीनेच पुढची जागा दिली. शिकागोला मावशी सुखरूप उतरल्या, बॅगा मात्र दोन्ही आल्या नाहीत.

तिथे काय झालं ते मावशींनी मला नंतर फोनवर सांगितलं. व्हीलचेअर ढकलणारा माणूस घाईत होता. त्याला वाटलं, घरचे बाहेर बघून घेतील. मावशी उठून उभ्या राहिल्या आणि त्याच्यापुढे चिठ्ठी धरली. "म्या म्हटलं, पंचनामा झाल्याबिगर मी बांधावरून हलत नाई." त्याला मराठी कळलं नसेल, पण चिठ्ठी कळली. वीस मिनिटांनी त्या फॉर्मची प्रत घेऊन बाहेर आल्या.

एक बॅग एकतीस तासांनी घरी आली. तेवढ्या वेळात लेकीने त्यांच्यासाठी गरम कोट, दोन कपडे, चप्पल, ब्रश असं ९२ डॉलरचं घेतलं. तेवढे मंजूर झाले. त्याच बिलात बाळासाठी ३० डॉलरचं पांघरूण होतं, ते कापलं गेलं. ते प्रवाशाच्या गरजेचं नव्हतं, तेव्हा कंपनीचं म्हणणं बरोबरच होतं. चौदा तासांच्या उशिराचे किती मिळाले? पहिले सहा कोरडे, राहिले आठ, त्यात पूर्ण सहाचा एकच तुकडा. वीस डॉलर. मावशी नागपूरचे तीन तास धरून सतरा मोजत होत्या. त्यांना मी पुन्हा इमिग्रेशनच्या शिक्क्याची आठवण दिली.

दुसरी बॅग कधीच आली नाही. विमान प्रवासाचा माँट्रियल करार आहे, त्याप्रमाणे २१ दिवस उलटूनही बॅग आली नाही की प्रवासी ती हरवली असं धरून भरपाई मागू शकतो. विमान कंपनीची जबाबदारी त्या करारात एसडीआर या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी एककात १,५१९ पर्यंत आहे, म्हणजे दोन हजार डॉलरच्या थोडं वर. बरेच लोक ही मर्यादा म्हणजे मिळणारी रक्कम समजतात. तसं नाही. जेवढं नुकसान सिद्ध करता येईल तेवढंच मागता येतं, आणि वापरलेल्या वस्तूची घसारा धरून किंमत होते. मावशींना विमान कंपनीने ११० डॉलर दिले. विमा कंपनीने बिल असलेल्या वस्तू धरल्या: रिकामी बॅग ४० डॉलर, एक साडी ६० पण मर्यादेमुळे ५०, दुसरी साडी ३०, शाल २०, स्वेटर १५. एकूण १५५. त्यातून विमान कंपनीचे ११० वजा. हातात ४५ डॉलर. एकाच नुकसानीचे पैसे दोन ठिकाणांहून मिळत नाहीत. गोधड्यांचं बिल नव्हतं, त्यांचे काहीच नाही. उघड्या बॅगेचा फोटो नसता तर दुसरी साडी आणि शाल यांवरही प्रश्न आला असता.

आणि त्या बॅगेत बाळाचे वाळे होते. मावशींनी हिंगणघाटच्या सोनाराकडून चांदीचे वाळे करून घेतले होते, सहा हजारांच्या आसपासचे. गोधडीच्या घडीत नीट गुंडाळून ठेवले होते. मी दागिने हातात ठेवा म्हटलं, आणि मावशींच्या मनात दागिने म्हणजे सोनं. चांदीचे वाळे म्हणजे बाळाची वस्तू, तो दागिना कसा होईल! पॉलिसीत मात्र चांदीसुद्धा मौल्यवान वस्तूंच्याच रांगेत बसते. फोनवर मावशी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दागिने म्हटलं, म्या पाटल्या हातातच ठेवल्या." त्यांनी मला दोष दिला नाही, पण चूक माझीच होती. बॅग समोर उघडी होती आणि मी एकही घडी उलगडून पाहिली नाही. तेव्हापासून मी दागिने हा शब्द वापरत नाही. सोनं, चांदी, मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, रोख पैसे अशी एकेक वस्तू मोजून दाखवतो आणि बॅगेत यातलं काय आहे ते विचारतो.

दवाखान्याची वेळ मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. बाळ तीन आठवड्यांचं. रात्री नऊच्या सुमारास कचरा टाकायला बाहेर गेल्या आणि पार्किंगमधल्या बर्फावर पाय सरकला. हात टेकला तो मनगटातून गेला. जावयांनी गाडीतूनच मदत केंद्राला फोन लावला. अर्जंट केअर बंद झालं होतं, म्हणून केंद्राने जवळच्या एका रुग्णालयाचा इमर्जन्सी कक्ष सांगितला आणि केस नंबर दिला. तिथे पोचल्यावर रक्तदाब १९०/११० निघाला. दुखण्याने वाढला असेल, भीतीनेही. डॉक्टरांनी ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या केल्या, चार तास ठेवून घेतलं, हाताला तात्पुरता आधार बांधला आणि पहाटे घरी सोडलं. पुढच्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे प्लास्टर.

रुग्णालयाचं बिल ३,९०० डॉलर. मदत केंद्राची हमी असल्याने ते थेट विमा कंपनीकडे गेलं. जावयांना वाटलं, झालं. अमेरिकेतल्या बिलांचा पेच इथेच आहे. तिथे रुग्णालय आपलं बिल देतं, इमर्जन्सीत तपासणारा डॉक्टर आपलं वेगळं, एक्स-रे वाचणारा आणखी वेगळं, आणि ही बिलं आठवड्यांनी, कधी महिन्यांनी टपालाने येतात. डॉक्टरचं ७८० डॉलरचं बिल एप्रिलमध्ये आलं. जावयांनी मला फोटो पाठवला, हे दुसऱ्यांदा का मागताहेत म्हणून. दुसऱ्यांदा नव्हतं. तो केस नंबर लिहून तेही कंपनीला पाठवलं. प्लास्टर आणि दोन भेटींचे ५६० डॉलरही त्याच केस नंबरावर.

रक्तदाबाचा प्रश्न कंपनीने विचारलाच. ईसीजी आणि तपासण्या आधीपासूनच्या आजाराच्या आहेत का? इथल्या डॉक्टरची चिठ्ठी आणि पॉलिसीतली नोंद पाठवली. रुग्णालयाच्या कागदावर मुख्य कारण घसरून पडणं आणि मनगटाचं हाड मोडणं असंच होतं, तपासण्या त्याच तातडीच्या तपासात झालेल्या. कंपनीने त्या मान्य केल्या. रुग्णालयाने लिहून दिलेली तीन महिन्यांची नवी रक्तदाबाची गोळी ६५ डॉलरची होती, ती नाकारली. तेही नियमाप्रमाणेच. आधीची पॉलिसी असती, "नाही" लिहिलेली, तर याच प्रश्नावर सगळं प्रकरण अडकलं असतं. आणि अडकलं नसतं तरी ३,९०० पैकी १,५०० मिळून बाकीचे २,४०० डॉलर जावयांच्या खिशातून गेले असते. हप्ता वाढला म्हणून लेक डिसेंबरमध्ये थोडी कुरकुरली होती. एप्रिलमध्ये तिनेच मला ही वजाबाकी करून पाठवली.

मावशी मे महिन्यात परतल्या. प्लास्टर निघालं होतं, मूठ अजून पुरती वळत नव्हती. विमानतळावरून घरी येताच त्यांनी मला बोलावलं आणि कापडी पिशवी पुढ्यात रिकामी केली. सगळे बोर्डिंग पास, पीआयआर, एकेक बिल, तारखेप्रमाणे सुतळीत ओवलेलं. बॅगेचे आणि उशिराचे पैसे रुपयांत त्यांच्या इथल्या खात्यात यायचे होते, म्हणून रद्द केलेला चेक आणि पासबुकाची प्रत जोडली. पासबुकावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः सारखं लागतं. त्यांच्या पासबुकावर सासऱ्यांनी लावलेलं घरचं नाव होतं. बँकेत जाऊन ते दुरुस्त करण्यात बारा दिवस गेले.

जूनमध्ये पेरणीची लगबग चालू असताना लेकीच्या पत्त्यावर आणखी एक पाकीट आलं. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरचे २१० डॉलर. पॉलिसीची मुदत संपलेली, मावशी गावी. पण उपचार मुदतीत झाला होता, तेव्हा बिल नंतर आलं तरी चालतं. तेही पाठवलं. कंपनीने मंजूर केलं आणि पुन्हा १०० डॉलर कापून ११० देऊ केले. मी पत्र वाचत होतो आणि मावशी शेजारी बसून सरकीच्या पिशव्या मोजत होत्या. म्हणाल्या, "कटती मार्चातच झाली होती ना? एका गाडीले एकदाच." तोच केस नंबर, तीच घटना, वजावट आधीच घेतलेली, असं तीन ओळींत लिहून पाठवलं. नवव्या दिवशी उरलेले १०० डॉलरही मंजूर झाले.